जाहिरातीतली निळी ज्योत आणि चरचरती कढई

स्वयंपाकाच्या गॅसची ज्योत उष्ण असली तरी उजेडाच्या बाबतीत फार गरीब असते. रात्री वीज गेली की हे लगेच कळते. शेगडी पेटलेली असूनही तिच्या उजेडात मिठाचा डबा शोधता येत नाही. शेवटी मेणबत्तीच लावावी लागते. शेगडीचा एक बर्नर मेणबत्तीपेक्षा वीस-पंचवीस पट जास्त उष्णता देतो, तरी उजेड मेणबत्तीचाच चांगला. शेगडीच्या जाहिरातीचे चित्रीकरण करणाऱ्यांपुढे पहिली अडचण हीच असते. जी वस्तू विकायची तिचा चेहरा म्हणजे ती निळी ज्योत, आणि लखलखीत स्वयंपाकघरात कॅमेऱ्याला नेमकी तीच दिसत नाही.

हा फरक कशामुळे पडतो ते आधी पाहायला हवे, कारण जाहिरातीतली आग खरी वाटते की खोटी, हे बरेचसे त्यावरच ठरते. मेणबत्तीत मेणाची वाफ आधी जळू लागते आणि हवा बाहेरून हळूहळू तिच्यापर्यंत पोचते. आतल्या भागात प्राणवायू अपुरा पडतो, तिथे काजळीचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि तापून पिवळे चमकतात. म्हणजे मेणबत्तीचा उजेड हा खरे तर तापलेल्या काजळीचा उजेड असतो. शेगडीत उलटा प्रकार असतो. नॉबच्या मागे असलेल्या पितळी जेटच्या बारीक छिद्रातून गॅस जोरात सुटतो आणि जाता जाता शेजारच्या फटीतून हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. बर्नरच्या छिद्रांपाशी पोचतो तेव्हा त्यात बरीच हवा मिसळलेली असते. उरलेली हवा ज्योत आजूबाजूने घेते. काजळी तयार व्हायला वावच राहत नाही, म्हणून पिवळा रंगही नाही.

मग निळा कुठून येतो? आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. जळताना या रेणूंचे तुकडे होतात. त्यांतले काही तुकडे क्षणभरच टिकतात आणि तेवढ्यात प्रकाश सोडून जातात. एक कार्बन आणि एक हायड्रोजन यांची जोडी जांभळट निळा प्रकाश देते. दोन कार्बनची जोडी हिरवट निळा. या दुसऱ्या प्रकाशाच्या पट्ट्यांना विल्यम स्वान या स्कॉटिश शास्त्रज्ञाचे नाव आहे. त्याने त्यांचा अभ्यास १८५६ साली केला होता. शेगडीची ज्योत जवळून पाहिली तर ही दोन्ही दिसतात. प्रत्येक छिद्रावर एक लहान, कडा स्पष्ट असलेला, किंचित हिरवटपणाकडे झुकणारा उजळ शंकू असतो आणि त्याच्याभोवती फिकट, जांभळट निळे, जेमतेम दिसणारे आवरण. ज्योत म्हणून आपण जे एकसंध निळे वलय लक्षात ठेवतो, ते प्रत्यक्षात अशा कित्येक लहान ज्योतींची रांग असते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण संगणकावर आग तयार करणारे पुष्कळजण त्यात फसतात. तांबडी आग थंड, पिवळी जास्त उष्ण आणि निळी सर्वांत उष्ण, असे शाळेत शिकल्याचे अनेकांना आठवते. लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडाला आणि आकाशातल्या ताऱ्यांना हा नियम लागू पडतो. गॅसच्या ज्योतीला पडत नाही. ज्योतीचे तापमान फार तर दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. जुन्या पद्धतीच्या विजेच्या दिव्यातली तार याहून अधिक तापते आणि तरी तिचा उजेड पिवळसर असतो. ज्योतीचा रंग तापमानाने ठरत असता तर ती दिव्याच्या तारेपेक्षाही नारिंगी दिसली असती. तिचा निळेपणा उष्णतेचा नसून रासायनिक क्रियेचा आहे. ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र आगीचा रंग तापमानावरून काढण्याची सोय तयारच असते. ती शेकोटीला, वणव्याला, स्फोटाला चोख बसते, कारण तिथे काजळीच चमकत असते. तीच सोय शेगडीला लावली की बर्नरवर छोटी होळी पेटते. मग कोणीतरी ती होळी निळ्या रंगात रंगवतो, आणि पडद्यावर येते ती निळ्या रंगाची शेकोटी. पाहणाऱ्याला चूक नेमकी कुठे आहे ते सांगता येत नाही, पण काहीतरी बिनसल्याचे कळते.

ते कळण्यामागे रंगाइतकाच हालचालीचाही भाग असतो. पिवळी, काजळीची ज्योत लवलवते, कारण तिच्यातली गरम हवा वर चढताना बाजूची हवा आत ओढते आणि सेकंदाला दहा-बारा वेळा तिचा आकार आखडतो, पसरतो. शेगडीची लहान निळी ज्योत गॅसच्या दाबावर उभी असते. ती जवळजवळ स्थिर राहते, फक्त टोकाला किंचित थरथरते. कढई ठेवली की ती तळाला टेकून बाहेरच्या बाजूला वाकते. म्हणून संगणकावर शेगडीची ज्योत करायची तर प्रत्येक छिद्राचा वेगळा शंकू, त्यावर फिकट आवरण आणि अगदी थोडी हालचाल, एवढ्यावर थांबावे. इथे जास्त मेहनत घेणाराच जास्त बिघडवतो.

तरीही खरी शेगडी हाताशी असताना ज्योत संगणकावर करण्याचे कारण सहसा नसते. खरी ज्योत टिपायची आणि ती पडद्यावर नीट दाखवायची, हाच मार्ग स्वस्त आणि खात्रीचा. ते कसे करतात हे एका उदाहरणावरून पाहता येईल. समजा, वीस सेकंदांची जाहिरात आहे. वस्तू म्हणजे तीन बर्नरची, काळ्या काचेची शेगडी. दोन शॉट महत्त्वाचे आहेत. पहिल्यात नॉब फिरतो आणि ज्योतीचे वलय पेटते. दुसऱ्यात कढईत मोहरीची फोडणी आहे आणि तिच्यावर चिरलेला कांदा पडतो. घरात कांदेपोहे होणार आहेत. मुंबईत अशा चित्रीकरणाला टेबलटॉप म्हणतात, कारण सगळा मामला टेबलाएवढ्या जागेत चालतो आणि कॅमेरा वस्तूपासून हातभर अंतरावर असतो.

पहिल्या शॉटमध्ये स्वयंपाकघर सकाळच्या उन्हासारखे उजळ हवे आहे. तेवढे दिवे लावले की ज्योत दिसेनाशी होते. दिवे कमी केले तर ज्योत दिसते, पण स्वयंपाकघर रात्रीचे वाटते आणि शेगडीच्या स्टीलची चमक जाते. गॅस वाढवून ज्योत मोठी केली तरी फारसा फायदा नाही, कारण मोठी ज्योत म्हणजे जास्त तेजस्वी ज्योत नव्हे. शिवाय तिचे तोटे आहेत, त्यांकडे पुढे येऊ.

यावरचा उपाय साधा आहे. कॅमेरा घट्ट बसवतात आणि तोच शॉट दोनदा घेतात. एकदा सगळे दिवे लावून. मग दिवे बंद करून, खिडकी झाकून, जवळजवळ अंधारात फक्त ज्योत. दुसऱ्या वेळी कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवतात, पण भिंगाचे छिद्र बदलत नाहीत; ते बदलले तर मागेपुढे किती भाग स्पष्ट दिसतो हेही बदलते आणि दोन चित्रे एकमेकांवर बसत नाहीत. नंतर दुसऱ्या चित्रातला प्रकाश पहिल्यात मिळवतात. ही बनवाबनवी वाटली तरी भौतिकशास्त्राच्या दृष्टीने सरळ गोष्ट आहे. प्रकाशात प्रकाश मिसळला की त्याची बेरीज होते. दिवे आणि ज्योत एकाच वेळी टिपले काय किंवा वेगवेगळे टिपून मिळवले काय, उत्तर एकच येते. फायदा एवढाच की वेगळे टिपले तर दोघांचे प्रमाण हातात राहते.

अंधारातल्या या दुसऱ्या टेकचा आणखी एक लाभ आहे. ज्योतीबरोबर तिचे काचेतले प्रतिबिंब, कढईच्या तळावरची निळसर कड आणि स्टँडच्या दांड्यांवरची चमक हेही आपोआप टिपले जाते. काळ्या काचेच्या शेगडीवर हे प्रतिबिंब फार बोलके असते. कॅमेरा खालून, काचेला जवळजवळ समांतर पाहत असेल तर ते आणखी ठळक दिसते. दुसरीकडून आणलेली ज्योत बर्नरवर चिकटवली की नेमके हेच राहून जाते, आणि खाली काच कोरी राहिलेली ज्योत पाहणाऱ्याला तरंगती वाटते.

बेरजेत मात्र एक खाच आहे. संगणकातल्या चित्रात प्रत्येक ठिपक्याच्या उजळपणासाठी ० ते २५५ मधला आकडा साठवलेला असतो, पण तो आकडा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतो. माणसाच्या डोळ्याला अंधाऱ्या भागातले फरक जास्त जाणवतात, म्हणून तिथे जास्त आकडे राखून ठेवलेले असतात. पूर्ण प्रकाशाच्या निम्मा प्रकाश १२८ ने नव्हे, १८८ ने दाखवला जातो. आता भिंतीच्या एका ठिपक्यावर १०० आहे आणि ज्योतीच्या चित्रात त्याच जागी १०० आहे, असे धरले. आकडे तसेच मिळवले तर २०० येतात. पण २०० म्हणजे दुप्पट नव्हे, साडेचार पट प्रकाश. आधी दोन्ही आकडे खऱ्या प्रकाशाच्या मापात आणायचे, मग मिळवायचे आणि परत फिरवायचे, असे केले तर उत्तर सुमारे १३८ येते. सरळ बेरीज केलेली ज्योत म्हणूनच खडूने काढल्यासारखी पांढरट आणि दाट दिसते. तिच्या फिकट आवरणातून मागची भिंत दिसायला हवी ती दिसत नाही. याच कारणासाठी ज्योत कात्रीने कापल्यासारखी कापून बसवूही नये. ती मागच्या वस्तूंना झाकत नाही, त्यांच्या उजेडात आपल्या उजेडाची भर घालते. कापलेल्या ज्योतीला काळपट कड राहते आणि ती कड फसवणूक उघडी पाडते.

रंगाचे काम यापुढचे. कॅमेऱ्याला पांढरे म्हणजे काय, ते आधी सांगावे लागते. स्वयंपाकघरात पिवळसर दिवे असतील आणि कॅमेरा त्यांना पांढरे मानत असेल, तर तो निळ्या रंगाला वर उचलतो आणि ज्योत अधिक गडद निळी दिसते. उन्हासारख्या पांढऱ्या उजेडासाठी लावलेल्या कॅमेऱ्यात तीच ज्योत फिकी पडते. पुष्कळ चांगल्या जाहिरातींत स्वयंपाकघर किंचित उबदार रंगाचे ठेवतात, ते घरपण यावे म्हणून तर असतेच, पण त्या पार्श्वभूमीवर निळा उठून दिसतो हाही हिशेब असतो. मोह आवरायचा तो इथून पुढे. रंग गडद करण्याचे बटण हाताशी असते आणि ग्राहक कंपनीचा माणूस मागे उभा राहून ‘अजून निळी करा’ म्हणत असतो. निळा वाढवत नेला की आतला हिरवट शंकू आणि बाहेरचे जांभळट आवरण यांतला फरक बुजतो आणि बर्नरवर गणपतीच्या मखराला लावतात तशी निळ्या दिव्यांची माळ दिसू लागते. ज्योत खरी ठेवायची तर तिच्यात निदान दोन निळे राहिलेच पाहिजेत, आणि शंकूचा गाभा कुठेही पांढरा फटक होता कामा नये.

चित्रीकरणाच्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ खाते ते नारिंगी रंगाचे भूत. सेटवर सगळे तयार असते, शेगडी पेटवली जाते आणि निळ्या वलयात नारिंगी फटकारे उठू लागतात. शेगडी नवी कोरी, गॅस चांगला, मग हे कशाने? बहुधा हवेत उडालेल्या कणांनी. मिठात आणि धुळीत सोडियम असते आणि अगदी किंचित सोडियम ज्योतीत गेले तरी पिवळा-नारिंगी रंग फेकते. रस्त्यावरच्या जुन्या सोडियमच्या दिव्यांचा रंग तो हाच. टेकच्या आधी कोणी सेट झाडला असेल, शेजारी पिठाची परात ठेवली असेल, चिमूटभर मीठ कढईवर भुरभुरले असेल, तर एवढे पुरते. कधी कारण फारच लांबचे निघते. हवेत हलकी वाफ दिसावी म्हणून पाण्याचे तुषार उडवणारे यंत्र कोपऱ्यात चालू असते आणि त्यात नळाचे पाणी भरलेले असते. तुषार हवेत सुकतात, पाण्यातले क्षार कणांच्या रूपात तरंगत राहतात आणि ज्योतीला रंग देतात. पाणी शुद्ध भरले, झाडलोट थांबवून हवा बसू दिली की नारिंगी जातो. तरीही ज्योतीच्या टोकांना पिवळेपणा राहिला, आणि तो फटकाऱ्यांसारखा नसून सतत राहिला, तर कारण वेगळे: बर्नरला हवा कमी मिळते आहे. भांड्यांचे बूड काळे करणारी ज्योत ती हीच, आणि ती नजर घराघरांत आहे. शेगडीच्या जाहिरातीत अशी ज्योत दिसणे म्हणजे साबणाच्या जाहिरातीत डाग राहण्यासारखे आहे.

आता दुसरा शॉट, कढईचा. फोडणीत कांदा पडला की होणारा चर्र आवाज हा पाण्याचा असतो, तेलाचा नव्हे. कांद्याच्या वजनात दहापैकी जवळजवळ नऊ भाग पाणी असते. तेल पावणेदोनशे-एकशे ऐंशी अंशांवर असते. चिरलेल्या कडेवरचे पाणी त्याला टेकताच वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती मूळच्या सुमारे सतराशे पट जागा मागते, आणि ती जागा मिळवण्यासाठी तेलातून बुडबुडे फोडत बाहेर पडते. या लाखो बारीक फुटण्यांचा एकत्र आवाज म्हणजे चरचर. मोहरी तडतडते तीही आतल्या ओलाव्याची वाफ कोंडून टरफल फुटल्यामुळे. म्हणून पडद्यावरची चरचर खरी वाटण्यासाठी आवाज मोठा करून चालत नाही. प्रत्येक फोडीच्या कडेने बारीक बुडबुड्यांची झालर दिसावी लागते. बुडबुडे नसताना आवाज आला की डोळा आणि कान यांचे भांडण लागते.

इथे वेळेचे गणित कडक असते. कांदा पडल्यावर बुडबुड्यांचा जोर पहिल्या आठ-दहा सेकंदांतच असतो. पुढे पृष्ठभागावरचे पाणी संपते, तेल थोडे निवते आणि चरचर मंद होते. त्यामुळे फूड स्टायलिस्ट कांद्याच्या डझनभर वाट्या आधीच चिरून, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवतो आणि प्रत्येक टेकला कढई पुसून, नवे तेल तापवून पहिल्यापासून सुरुवात होते. तेल तयार आहे की नाही हे पाहायला तो मोहरीचे दोन-चार दाणे टाकतो. ते लगेच तडतडले म्हणजे कांदा टाकायचा. तेलावर पाणी शिंपडून चरचर वाढवण्याची युक्ती कधीतरी कोणीतरी सुचवतोच. पाणी तेलापेक्षा जड. ते खाली बसते, तिथे एकदम वाफ होते आणि उकळते तेल बाहेर फेकले जाते. फेकलेले थेंब ज्योतीवर पडले तर पेट घेतात. चांगला स्टायलिस्ट असल्या युक्तीला हात लावत नाही. त्याला हवी असलेली ओल कांद्यावरच असते.

आवाज बहुतेक वेळा वेगळा ध्वनिमुद्रित करतात. चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्याचा पंखा, दिव्यांची घरघर आणि कोणाची तरी कुजबुज चालू असते. नंतर शांत खोलीत, त्याच प्रकारच्या कढईत, त्याच प्रमाणात कांदा टाकून माईक वीतभर अंतरावर धरतात. पातळ नॉनस्टिक पॅनचा आवाज आणि जाड लोखंडी कढईचा आवाज वेगळा असतो, त्यामुळे भांडे तेच लागते.

कढईवरची वाफ ही या शॉटमधली सर्वांत नाजूक वस्तू. समोरून उजेड टाकला तर ती दिसतच नाही. तिच्या मागून, किंचित वरून दिवा लावला आणि पाठीमागे गडद भाग ठेवला की ती पांढऱ्या धाग्यांसारखी उठते. पण तिथेच धूर आणि वाफ यांची गल्लत होण्याचा धोका असतो, आणि ती गल्लत जाहिरातीला महागात पडते. वाफ कढईपासून थोड्या उंचीवर दिसू लागते, कारण अगदी तोंडाशी ती अजून अदृश्य वायू असते. वर गेल्यावर थंड होऊन तिचे थेंब बनतात, आणि हातभर चढली की हवेत विरते. धूर तेलाच्या पृष्ठभागापासूनच निघतो, रंगाने निळसर असतो आणि विरत नाही, छताखाली साचतो. तो दिसला म्हणजे तेल जास्त तापले. पाहणारी गृहिणी त्याचा अर्थ एकच लावते: फोडणी जळाली.

स्वयंपाक सुरक्षित दिसणे हे अशा बारीक खुणांवरच ठरते, ‘काळजी घ्या’ अशी पाटी लावून नव्हे. पहिली खूण म्हणजे ज्योतीचे माप. ती भांड्याच्या बुडाखालीच राहायला हवी. बाजूने वर चढली की उष्णता वाया जाते, कढईचे कान तापतात आणि दृश्य धोक्याचे वाटते. कॅमेऱ्याला मोठी ज्योत आवडते, म्हणून या मुद्द्यावर सेटवर हमखास वाद होतो. तो ज्योत वाढवून नव्हे, कॅमेरा खाली आणून सोडवावा. बर्नरच्या पातळीवरून, गडद पार्श्वभूमीवर पाहिले तर मध्यम ज्योतसुद्धा भरघोस दिसते. नॉबची खूणही ज्योतीशी जुळायला हवी: नॉब सिमवर आणि ज्योत पूर्ण, हे एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना सहज घडते आणि घरी रोज शेगडी वापरणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

बाकीच्या खुणा माणसाच्या आणि ओट्याच्या. पॅनची मूठ ओट्याच्या बाहेर लोंबत नाही, आत वळवलेली असते. पदर खोचलेला, बाह्या आवरलेल्या, केस बांधलेले. लायटर आधी बर्नरशी, मग नॉब, म्हणजे गॅस साचायला वेळ मिळत नाही. पडदा, कागदी पिशवी, प्लास्टिकची बाटली शेगडीजवळ नाही. सिलिंडर चौकटीत येत असेल तर तो उभा आणि शेगडीच्या पातळीखाली. नॉनस्टिक पॅन रिकामा, मोठ्या आचेवर तापताना दाखवत नाहीत, कारण अडीचशे अंशांच्या पुढे त्याचा थर खराब होऊ लागतो. आणि लहान मूल ओट्यापाशी नसते. भारतातल्या जाहिरातींसाठी ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही १९८५ पासूनची स्वनियमन संस्था आहे. योग्य कारण नसताना धोकादायक वागणूक दाखवू नये, असे तिच्या संहितेत आहे. आगपेटी किंवा ज्वालाग्राही वस्तूंशी खेळणारी मुले दाखवण्यालाही तिची मनाई आहे. हॉटेलातले आचारी पॅन उडवून तेलाला पेट देतात ते दृश्य देखणे असते, पण घरगुती शेगडीच्या जाहिरातीत त्याचे काही काम नाही.

कॅमेऱ्यामागची काळजी पडद्यावर दिसत नाही, पण तिच्याशिवाय काम करू नये. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचतो. सेटवर नेमक्या त्याच जागी दिव्यांच्या केबल्स आणि जोडण्या पसरलेल्या असतात. म्हणून पाइपचे सगळे सांधे साबणाच्या पाण्याने तपासतात, बुडबुडे आले तर काम थांबते. अंधारातल्या टेकला एक माणूस फक्त रेग्युलेटरपाशी उभा असतो. तेल पेटले तर गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवायचे, पाणी अजिबात नाही, हे सगळ्यांना आधी सांगितलेले असते आणि झाकण हाताशी ठेवलेले असते.

एक प्रश्न उरतो: दोन टेक मिळवून ज्योत उजळ करणे ही ग्राहकाची फसवणूक तर नव्हे? अमेरिकेत दाढीच्या क्रीमच्या एका जाहिरातीत सँडपेपर क्रीम लावून सहज खरवडला जातो असे दाखवले होते. प्रत्यक्षात तो सँडपेपर नव्हता, काचेसारख्या प्लास्टिकवर पसरलेली वाळू होती. १९६५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूक ठरवली, कारण जे प्रात्यक्षिक म्हणून दाखवले ते घडलेलेच नव्हते. शेगडीलाही हीच कसोटी लावावी. त्याच शेगडीची, त्याच बर्नरवर, त्याच नॉबवर पेटलेली ज्योत कॅमेऱ्याच्या मर्यादेमुळे दिसत नव्हती, ती दिसेल अशी केली, तर त्यात खोटे काही नाही. पण पाणी किती वेळात उकळते किंवा गॅस किती वाचतो याचा दावा करताना दुसऱ्या मोठ्या बर्नरची ज्योत तिथे बसवली, तर ती लबाडी आहे, मग चित्र कितीही सफाईने जोडलेले असो.

तयार जाहिरात मोठ्या पडद्यावर पाहून भागत नाही. ती मोबाइलवर, उजेड कमी करून, दिवसाच्या प्रकाशात पाहतात. फिकट आवरण तिथे हरवते आणि फक्त शंकूंची रांग उरते. ती रांग निळी, सरळ आणि शांत दिसली की काम झाले. आणि घरची ज्योत जाहिरातीसारखी निळी दिसत नसेल, टोकांना सतत पिवळी राहत असेल, तर नवी शेगडी घेण्याआधी बर्नरची टोपी काढून छिद्रे साफ करावीत, ती पूर्ण वाळवावी आणि खाचेत नीट बसवून पुन्हा पेटवून पाहावे.